बंद मार्ग असलेली असंतुलित वाहतूक समस्या: डमी ओळ आणि M वापरून ती कशी सोडवायची

वाहतूक समस्येच्या पहिल्या काही उदाहरणांत पुरवठा आणि मागणी बरोबर जुळलेली असते आणि प्रत्येक मार्ग खुला असतो. परीक्षेत किंवा कामावर समोर येणारं कोष्टक क्वचितच इतकं सरळ असतं. माल मागणीपेक्षा कमी पडतो, एखाद-दोन मार्ग बंद असतात, आणि वर "या ठिकाणची मागणी पूर्ण झालीच पाहिजे" अशी अट असते. या तिन्ही गोष्टी एकाच कोष्टकात कशा बसवायच्या, हे इथे एका उदाहरणावरून पाहू. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे डमी ओळ लागते, तेच प्रकरण घेतलं आहे. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- प्रत्येक उगमाचा पुरवठा आणि प्रत्येक ठिकाणाची मागणी, एकाच एककात
- खुल्या मार्गांचा दर नगामागचा खर्च
- बंद मार्गांची वेगळी यादी
- ज्यांची मागणी अपुरी ठेवता येणार नाही अशा ठिकाणांची वेगळी यादी
- कागद, पेन्सिल, खोडरबर. मोठ्या कोष्टकासाठी स्प्रेडशीट

शेवटच्या दोन याद्या वेगवेगळ्या ठेवा. दोन्हींसाठी कोष्टकात M च लिहायचा असतो, म्हणजे इतका मोठा काल्पनिक खर्च की त्या घरात माल ठेवणं परवडूच नये. पण एक M खऱ्या ओळीत जातो आणि दुसरा डमी ओळीत. याद्या एकत्र केल्या की कुठला M कुठे जायचा, यात घोळ होतो.

उदाहरण

क, ख, ग हे तीन उगम आहेत. त्यांचा पुरवठा अनुक्रमे 70, 50 आणि 60 नग. प, फ, ब, भ ही चार ठिकाणं, मागणी अनुक्रमे 45, 50, 65 आणि 40. ख वरून फ ला आणि ग वरून भ ला माल पाठवता येत नाही. भ ची मागणी पूर्ण झालीच पाहिजे.

| | प | फ | ब | भ | पुरवठा |
|---|---|---|---|---|---|
| क | 6 | 4 | 9 | 7 | 70 |
| ख | 5 | बंद | 3 | 8 | 50 |
| ग | 8 | 2 | 7 | बंद | 60 |
| मागणी | 45 | 50 | 65 | 40 | |

1. आधी बेरीज, मग बाकी सगळं

एकूण पुरवठा 180, एकूण मागणी 200. म्हणजे 20 नगांची टंचाई ठरलेलीच आहे. ही टंचाई कोणाच्या वाट्याला किती येणार, एवढंच आपल्या हातात आहे.

बंद मार्ग असले तरी ही बेरीज बदलत नाही. ख→फ बंद आहे म्हणून ख चा पुरवठा कमी धरायचा नाही, की फ ची मागणी कमी करायची नाही. समतोल साधताना फक्त कडेच्या बेरजा पाहायच्या.

मागणी जास्त असेल तर डमी ओळ वाढवायची, म्हणजे एक काल्पनिक उगम. पुरवठा जास्त असेल तर डमी स्तंभ, म्हणजे काल्पनिक ठिकाण. दिशा चुकली तर फरक 20 च्या जागी 40 होतो, त्यामुळे ही चूक लगेच दिसते. आपल्या उदाहरणात ड नावाची ओळ येईल आणि तिचा पुरवठा 20 असेल.

2. डमी ओळीत काय लिहायचं

डमी उगमातून "गेलेला" माल खरं तर कुठेच जात नाही. तो म्हणजे न भागलेली मागणी. वाहतूक होत नाही म्हणून खर्च 0. त्यामुळे ड च्या ओळीत प, फ, ब खाली 0 लिहा.

भ खाली मात्र 0 चालणार नाही. ड→भ घरात एकही नग पडला, तर तेवढी भ ची मागणी अपुरी राहिली असा त्याचा अर्थ होतो, आणि तेच आपल्याला नको आहे. म्हणून तिथे M. "मागणी पूर्ण झालीच पाहिजे" ही अट कोष्टकात एवढ्या एकाच घरातून येते. या अटीसाठी भ च्या स्तंभात दुसरं काहीही बदलायचं नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, ख→फ बंद आहे हे पाहून ड→फ मध्येही M लिहिला जातो. मार्ग बंद असणं ही ख ची अडचण आहे, फ ला टंचाई चालते की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. दुसरी, डमी ओळीतल्या सगळ्याच घरांत M लिहिला जातो. तसं केलं की ड चे 20 नग कुठेही ठेवले तरी 20M खर्च येतोच. योजना सगळीकडे 0 लिहिल्यासारखीच येते, म्हणजे भ ला दिलेलं संरक्षण निघून जातं, आणि एकूण खर्चात M उरल्यामुळे समस्येला उत्तरच नाही असा गैरसमज होतो.

टंचाईचा खरोखर खर्च होत असेल, उदाहरणार्थ न पोचलेल्या नगामागे भरपाई द्यावी लागत असेल, तर 0 ऐवजी तो खरा आकडा लिहायचा. M फक्त "अजिबात नको" यासाठी राखून ठेवा. "नकोसं, पण चालेल" याला साधा आकडा असतो.

3. बंद मार्गात M

आता ख→फ आणि ग→भ या घरांत M लिहा. तयार कोष्टक असं दिसेल:

| | प | फ | ब | भ | पुरवठा |
|---|---|---|---|---|---|
| क | 6 | 4 | 9 | 7 | 70 |
| ख | 5 | M | 3 | 8 | 50 |
| ग | 8 | 2 | 7 | M | 60 |
| ड | 0 | 0 | 0 | M | 20 |
| मागणी | 45 | 50 | 65 | 40 | 200 |

बंद मार्गाचं घर कोरं ठेवू नका आणि तिथे रेघही मारू नका. हाताने सोडवताना योजना उत्तम आहे का हे पाहणाऱ्या यू-व्ही पद्धतीत रेघ मारलेलं घर तपासायचं राहून जातं. स्प्रेडशीटमध्ये कोरं घर 0 धरलं जातं, आणि मग बंद मार्गच सगळ्यात स्वस्त ठरतो.

4. M किती मोठा असावा

हाताने सोडवत असाल तर M ला आकडा देऊच नका, अक्षरच राहू द्या. तुलना करताना दोनच नियम लागतात: धन M असलेली राशी M नसलेल्या कुठल्याही राशीपेक्षा मोठी आणि ऋण M असलेली लहान, आणि दोन्हीकडे M सारखेच असतील तर उरलेले साधे आकडे बघायचे.

संगणकाला आकडा द्यावाच लागतो. सगळ्यात मोठ्या खर्चाहून थोडा मोठा आकडा घेतला की पुरे, असा समज असतो, पण तो भरवशाचा नाही. कारण बंद घरातला एक नग काढायचा तर तो पूर्ण लूपमधून फिरतो आणि वाटेत अनेक महाग घरांत एकेक नग वाढवावा लागतो. कोष्टकाच्या लूपमध्ये वाढीची घरं जास्तीत जास्त किती असू शकतात? ओळी आणि स्तंभ यांपैकी जी संख्या लहान, तेवढी. खर्च ऋण नसतील तर यावरून एक खात्रीचा नियम निघतो: ती लहान संख्या गुणिले सगळ्यात मोठा खरा खर्च, याहून M मोठा हवा. इथे 4 ओळी, 4 स्तंभ आणि सगळ्यात मोठा खर्च 9, म्हणजे M हा 36 पेक्षा जास्त हवा. 100 घ्या, काम होईल.

उलट टोकाला जाऊन 1 पुढे पंधरा शून्यं लिहिणंही धोक्याचं. स्प्रेडशीट साधारण 15 अर्थपूर्ण अंक सांभाळते. एकूण खर्चात असा अवाढव्य M मिसळला की 7 आणि 8 मधला फरक त्यात बुडून जातो. वरच्या नियमाने आलेल्या आकड्याच्या दहापट-शंभरपट घेतला तरी पुरेसा मोठा होतो.

नफा वाढवायचा प्रश्न असेल तर चिन्ह उलटतं आणि बंद घरात −M लिहावा लागतो. तिथे +M राहिला तर शक्य तेवढा माल बंद मार्गानेच जातो.

5. सुरुवातीची योजना

किमान खर्च पद्धत वापरू, पण एका बदलासह: डमी ओळ शेवटी ठेवायची. कारण ड मधली शून्यं सगळ्यात स्वस्त दिसतात. नियम शब्दशः पाळला तर पहिले 20 नग खऱ्या खर्चाकडे न बघताच कुठल्या तरी ठिकाणाला टंचाई म्हणून वाटले जातात. उत्तम योजना तरीही मिळते, पण सुधारणेच्या फेऱ्या वाढतात.

सगळ्यात स्वस्त खरं घर ग→फ (2), तिथे 50. मग ख→ब (3), तिथे 50, आणि ख संपला. त्यानंतर क→प (6), तिथे 45. पुढे 7 ची दोन घरं, क→भ मध्ये उरलेले 25 आणि ग→ब मध्ये उरलेले 10. आता ब ला 5 आणि भ ला 15 कमी पडतात, ते ड कडून.

म्हणजे ड→भ या M च्या घरात 15 नग पडले. खर्च झाला 765 + 15M.

इथे घाबरून सगळं खोडायचं कारण नाही. सुरुवातीच्या योजनेत M येऊ शकतो. तो काढणं हे पुढच्या पायरीचं काम आहे. मात्र भरलेली घरं मोजून घ्या: 4 ओळी + 4 स्तंभ − 1 = 7 हवीत, आणि इथे बरोबर 7 आहेत. कमी भरली असती तर एखाद्या रिकाम्या घरात नगण्य ε ठेवावा लागला असता. तो ठेवताना लूप होणार नाही असं घर निवडा आणि शक्यतो M चं घर टाळा, नाहीतर विनाकारण सगळ्या u आणि v मध्ये M पसरतो.

6. यू-व्ही तपासणी: M रद्द होतो तेव्हा सावध राहा

भरलेल्या प्रत्येक घरासाठी u + v = खर्च. ड साठी u = 0 घेतला की:

- v(ब) = 0, v(भ) = M
- u(क) = 7 − M, v(प) = M − 1
- u(ख) = 3, u(ग) = 7, v(फ) = −5

आता रिकाम्या घरांत खर्च − (u + v) काढायचा. ऋण आलेली घरं ही:

| घर | फरक |
|---|---|
| ड→प | 1 − M |
| ग→प | 2 − M |
| ख→प | 3 − M |
| ख→भ | 5 − M |
| ग→भ | −7 |

शेवटची ओळ नीट पाहा. ग→भ हा बंद मार्ग आहे, तरी तिथे ऋण फरक आला! गणित बरोबर आहे. त्या घराचा खर्च M, आणि u + v = 7 + M. दोन्ही M एकमेकांना खाऊन टाकतात आणि −7 उरतो. एका M च्या घरातला माल दुसऱ्या M च्या घरात हलवला तर नगामागे 7 वाचतील, एवढंच तो आकडा सांगतो. तसा हलवून बंद मार्ग सुटत नाही. पुष्कळ जण इथे फसतात: "ऋण आहे, आकडा साधा आहे" म्हणून हे घर निवडतात आणि 10 नग बंद मार्गावर ठेवतात. सगळ्यात ऋण घर निवडायचं हा नियम पाळला तर असं होत नाही, कारण −M असलेलं कुठलंही घर −7 पेक्षा खाली आहे.

सगळ्यात ऋण ड→प. त्याचा लूप: ड→प (+), ड→भ (−), क→भ (+), क→प (−). वजा घरांत 15 आणि 45 आहेत, म्हणून 15 हलवायचे. ड→भ रिकामं झालं आणि M योजनेतून गेला.

खर्च किती उतरला हे पडताळून पाहा: 765 + 15M − 15(M − 1) = 780. एकूणात M चा मागमूस उरला नाही, म्हणजे हिशोब जुळला.

नवीन u आणि v: ड 0, क 6, ख 3, ग 7, प 0, फ −5, ब 0, भ 1. रिकाम्या घरांतले फरक असे: क→फ 3, क→ब 3, ख→प 2, ख→भ 4, ग→प 1, ड→फ 5. M च्या घरांत ख→फ M + 2, ग→भ M − 8, ड→भ M − 1. सगळे धन आहेत, त्यामुळे हीच उत्तम योजना. एकही शून्य नाही, म्हणून तिच्या तोडीची दुसरी योजनाही नाही.

M ची घरं अशी शेवटी तपासली की आणखी एक गोष्ट कळते: या कोष्टकात M म्हणून 9 घेतला असता तरी उत्तर तेच आलं असतं. पण हे सोडवून झाल्यावर कळतं, सोडवण्याआधी नाही. म्हणून आधी 36 चा नियमच वापरायचा.

7. उत्तर वाचायचं कसं

| मार्ग | नग |
|---|---|
| क→प | 30 |
| क→भ | 40 |
| ख→ब | 50 |
| ग→फ | 50 |
| ग→ब | 10 |

ड ची ओळ वाहतुकीच्या यादीत लिहायची नाही. ती टंचाई म्हणून वेगळी सांगायची: प ला 15 आणि ब ला 5 नग कमी मिळाले. फ आणि भ ला पूर्ण मिळाले. एकूण खर्च 780.

भ ची अट नसती, म्हणजे ड→भ मध्ये 0 असता, तर सुरुवातीचीच योजना 765 मध्ये उत्तम ठरली असती. म्हणजे या अटीची किंमत 15. ज्याने अट घातली त्याला हा आकडा जरूर सांगा.

टंचाईला खरा दंड लावल्यावर काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. समजा प च्या प्रत्येक न मिळालेल्या नगामागे 2 दंड आहे. ग→प चा फरक फक्त 1 होता, म्हणून आता तो मार्ग फायद्याचा ठरतो. ग चे 10 नग ब ऐवजी प कडे वळवले की टंचाई प ला 5 आणि ब ला 15 होते, आणि दंड धरून एकूण खर्च 810 वरून 800 वर येतो. डमी ओळीतला एक आकडा बदलला आणि खरा माल दुसऱ्या मार्गाने गेला. ती ओळ काल्पनिक असली तरी तिच्यातले आकडे विचार करूनच भरावे लागतात.

8. शेवटपर्यंत M उरला तर

सगळे फरक धन किंवा शून्य असूनही एखाद्या M च्या घरात नग असतील, तर तुमच्या अटी एकत्र पाळणं शक्यच नाही. समजा क→भ हाही मार्ग बंद झाला आणि ख चा पुरवठा 30 वर आला. भ ला आता फक्त ख कडून माल येऊ शकतो, तोही 30. उरलेले 10 नग कुठल्या ना कुठल्या M च्या घरात जाणारच, मग कितीही फेऱ्या करा.

हाताने सोडवताना हे 10M असं उघड दिसतं. संगणकात मात्र M = 100 च्या जागी तो एकूण खर्चात 1000 म्हणून मिसळतो आणि साध्या आकड्यासारखा दिसतो. म्हणून एकूण खर्च वाचण्याआधी M च्या घरांतले नग बघायची सवय ठेवा. तिथे काही असेल तर तो एकूण खर्च कोणालाही सांगू नका. कुठल्या घरात किती नग अडकले ते सांगा, म्हणजे कुठली अट सैल करायची ते ठरवता येईल.

9. स्प्रेडशीटमध्ये

खर्च `B2:E5` मध्ये आणि नग `B9:E12` मध्ये ठेवले तर एकूण खर्चाचं सूत्र असं:

```
=SUMPRODUCT(B2:E5,B9:E12)
```

एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये `Simplex LP` निवडा आणि `Make Unconstrained Variables Non-Negative` वर खूण करा. ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा पुरवठा-मागणीशी `=` ने बांधा. समतोल साधलेला असल्यामुळे `=` चालतं. डमी ओळ घालायला विसरलात तर याच `=` मुळे सॉल्व्हरला उत्तर सापडणार नाही, आणि चूक बंद मार्गांत शोधण्यात वेळ जाईल.

इथे M ऐवजी आणखी एक सोय आहे: बंद घरातला नग 0 असलाच पाहिजे अशी अट थेट घालता येते. मग अटी जुळत नसतील तर सॉल्व्हर `Solver could not find a feasible solution` असं स्पष्ट सांगतो, पण नेमकी अडचण कुठे आहे ते सांगत नाही. M ठेवला तर ते घर आणि तिथे अडकलेले नग दोन्ही दिसतात. त्यामुळे पहिल्यांदा M ठेवून सोडवा. M च्या घरांत शून्य आलं की तीच योजना पक्की धरा.